रशियन तृतीया: 'ने' कुठे चालतो आणि कुठे फसवतो

रशियनमध्ये सहा विभक्ती आहेत. शाळेच्या क्रमात पाचवी येते ती 'त्वोरीतेल्नी पादेझ'. 'त्वोरीत' म्हणजे घडवणं, करणं. ज्याने काम घडतं त्याची ही विभक्ती. म्हणून क्रमाने पाचवी असली तरी इथे तिला संस्कृतच्या नावाने तृतीयाच म्हटलं आहे. द्वितीया, चतुर्थी, षष्ठी ही नावंही तशीच संस्कृतातली आहेत, पण 'सहावी विभक्ती' म्हणजे रशियन क्रमातली शेवटची, षष्ठी नव्हे. संस्कृतातली करणाची तृतीया आणि मराठीतला 'ने' ज्याला माहीत आहे त्याला ही ओळखीची वाटते, आणि पहिले दोन आठवडे ती सोपीही जाते. घोटाळा त्यानंतर सुरू होतो, कारण मराठी 'ने' पाच-सहा वेगवेगळी कामं करतो आणि रशियन तृतीया त्यातली दोन-तीनच उचलते. उलट मराठीत जिथे 'ने'चा मागमूसही नसतो अशा कित्येक ठिकाणी रशियन माणूस तृतीयाच वापरतो. हा लेख त्या दोन्ही सीमांवर आहे. उदाहरणं बरीचशी दवाखान्यातली घेतली आहेत, कारण वैद्यकीय शिक्षणासाठी रशियाला गेलेल्या मराठी मुलांना ही विभक्ती सगळ्यात आधी रुग्णाच्या खाटेजवळ लागते.

लेखनाबद्दल एक सूचना. रशियन शब्द इथे उच्चाराप्रमाणे नव्हे, तर अक्षरांप्रमाणे दिले आहेत, कारण प्रत्यय अक्षरांत दिसतात. रशियन 'ओ'वर आघात नसला की तो 'अ'सारखा ऐकू येतो. म्हणून 'मोलोको' लिहिलं तरी कानाला 'मलाको' लागेल. 'झ' हा 'श'चा सघोष जोडीदार समजा आणि 'ज' हा 'जहाज'मधला.

पायरी पहिली: प्रश्न आणि प्रत्यय

ज्या नामाला 'केम?' (कोणाने, कोण म्हणून) किंवा 'चेम?' (कशाने) हा प्रश्न लागतो ते नाम तृतीयेत जातं. हे दोन प्रश्न तोंडात बसवा. पुढे क्रियापदं पाठ करताना यांचाच उपयोग होणार आहे.

व्यंजनान्त पुल्लिंगी नामाला आणि 'ओ'कारान्त नपुंसकलिंगीला 'ओम' लागतं: इंझेनेर, इंझेनेरोम, मोलोको (दूध), मोलोकोम. शेवट मृदू असेल तर 'एम': उचीतेल (शिक्षक), उचीतेलेम, चाय (चहा), चायेम. 'आ'कारान्त स्त्रीलिंगीला 'ओय': रूच्का (पेन), रूच्कोय, रुका (हात), रुकोय. मृदू स्त्रीलिंगीला 'एय': इस्तोरिया (इतिहास), इस्तोरियेय. मृदुचिन्हाने संपणारी स्त्रीलिंगी नामं 'यु' घेतात: क्रोव (रक्त), क्रोव्यु, सोल (मीठ), सोल्यु. अनेकवचनात लिंग पाहावंच लागत नाही, सरसकट 'आमी' किंवा 'यामी' लागतं. अपवाद थोडे आहेत, पण रोजच्या वापरातले: ल्युदी (माणसं) याचं 'ल्युद्मी' होतं आणि देती (मुलं) याचं 'देत्मी'.

चुका बहुतेक एकाच जागी होतात. नामाचा शेवट झ, श, च, त्स यांपैकी एखाद्या व्यंजनाने होत असेल, तर 'ओम' की 'एम' हे आघातावर ठरतं. आघात प्रत्ययावर पडला तर 'ओम', खोडावर राहिला तर 'एम'. व्राच (डॉक्टर) या शब्दात आघात प्रत्ययावर सरकतो, म्हणून 'व्राचोम'. नोझ (चाकू) आणि करांदाश (पेन्सिल) तसेच: नोझोम, करांदाशोम. पण मूझ (नवरा) याचा आघात जागचा हलत नाही, म्हणून 'मूझेम'. म्हणजे आघात माहीत नसेल तर शुद्धलेखनही जमणार नाही. नवा शब्द वहीत उतरवताना तृतीयेचं रूप आघाताच्या खुणेसकट लिहून ठेवणं हा यावरचा खरा इलाज आहे.

विशेषणही नामाबरोबर बदलतं. पुल्लिंगी-नपुंसकलिंगीला 'इम', स्त्रीलिंगीला 'ओय' किंवा 'एय', अनेकवचनाला 'इमी'. 'खोरोशी व्राच' (चांगला डॉक्टर) याचं 'खोरोशिम व्राचोम' होतं. इथे मराठी कान दगा देतो. नामाला 'ओम' आणि विशेषणाला 'इम' असे दोन वेगळे प्रत्यय आहेत, आणि शिकणारा दोन्हींना एकच प्रत्यय लावून मोकळा होतो.

आडनावांचं काय होतं, हा मराठी विद्यार्थ्यांचा हमखास प्रश्न. व्यंजनान्त परकीय आडनाव पुरुषाचं असेल तर चालवतात, बाईचं असेल तर चालवत नाहीत. त्यामुळे पाटील नावाच्या मुलाबरोबर म्हणजे 'स पातिलोम', आणि पाटील नावाच्या मुलीबरोबर म्हणजे नुसतं 'स पातिल'. कुलकर्णी 'इ'कारान्त असल्यामुळे दोघांसाठीही तसंच राहतं.

पायरी दुसरी: साधन, आणि त्यामागे काहीही लावायचं नाही

'पेन्सिलीने लिहितो' म्हणजे 'पिशू करांदाशोम'. 'चाकूने पाव कापतो' म्हणजे 'रेझु ख्लेब नोझोम'. मराठीसारखंच, फक्त प्रत्यय लावायचा. ज्यांनी रशियन इंग्रजीच्या आधाराने शिकायला घेतलं आहे ते इथे 'स' हे अव्यय घुसवतात आणि 'रेझु स नोझोम' म्हणतात. ही चूक मराठीच्या आधाराने शिकणाऱ्याने करायचं काही कारण नाही. 'स' म्हणजे बरोबर, सोबत. 'ओन प्रिश्योल स नोझोम' याचा अर्थ 'तो चाकू घेऊन आला', आणि ही बातमी बरीच वेगळी आहे.

कसोटी सोपी आहे. मराठी वाक्यात 'ने' असेल आणि त्याच्या जागी 'वापरून' टाकता येत असेल, तर अव्ययाशिवाय तृतीया. 'बरोबर', 'घेऊन' किंवा 'घातलेला' बसत असेल, तर 'स' लावून तृतीया. दूध घातलेली कॉफी म्हणजे 'कोफे स मोलोकोम'. डॉक्टर रुग्णाला 'तोंडाने श्वास घ्या' सांगतात तेव्हा 'दिशीते र्तोम' म्हणतात. तोंड हे साधन, म्हणून अव्यय नाही. (रोत म्हणजे तोंड. प्रत्यय लागला की मधला 'ओ' गळतो.)

'स' लावून येणारी तृतीया मराठी 'शी'ला जवळ आहे. डॉक्टरांशी बोलणं, मित्राशी भेटणं, कोणाशी ओळख होणं, भांडणं, सल्लामसलत करणं, या सगळ्यांना 'स' आणि तृतीया. पण लग्नाला नाही. पुरुषाने कोणाशी लग्न केलं हे सांगताना 'ना' आणि सप्तमीसारखी सहावी विभक्ती येते, 'झेनिल्सा ना नेय'. आणखी एक लकब लक्षात ठेवा. 'मी स ब्रातोम' हे शब्दशः 'आम्ही भावाबरोबर' असलं तरी माणसं दोनच असतात, मी आणि भाऊ.

आता 'ने' असूनही तृतीया न येणाऱ्या जागा. 'बसने जातो' याला सर्वसाधारणपणे 'येदु ना अव्तोबूसे' म्हणतात. तिथे सहावी विभक्ती आहे. 'अव्तोबूसोम' चुकीचं नाही, पण रोजच्या बोलण्यात पहिलंच जास्त ऐकू येतं. कारण सांगणारा 'ने' मात्र बहुधा फसवतोच. 'भीतीने थरथरतो' इथे रशियन माणूस 'ओत' हे अव्यय लावून षष्ठी वापरतो: 'द्रोझीत ओत स्त्राखा'. दवाखान्यात हा फरक फार जवळून भेटतो. 'क्षयाने आजारी आहे' याला 'बोलेयेत तुबेर्कुल्योजोम', तृतीया. 'क्षयाने वारला' याला 'ऊमेर ओत तुबेर्कुल्योजा', षष्ठी. मराठीत दोन्हीकडे तोच 'ने' आहे. रशियनमध्ये पहिल्या वाक्यात तृतीया क्रियापदाने मागितली आहे आणि दुसऱ्यात आजार हे मृत्यूचं कारण आहे.

उलट्या दिशेची एक भेटही या विभक्तीकडून मिळते. सकाळी, दिवसा, संध्याकाळी, रात्री हे सगळे शब्द रशियनमध्ये तृतीयेत आहेत: ऊत्रोम, द्न्योम, वेचेरोम, नोच्यु. ऋतूंचंही तसंच: हिवाळ्यात म्हणजे 'जिमोय', उन्हाळ्यात म्हणजे 'लेतोम'. यांच्या आधी 'मध्ये' अशा अर्थाचं अव्यय लावू नका.

पायरी तिसरी: व्यवसाय, म्हणजे 'कोण आहे' आणि 'कोण होता'

वर्तमानात रशियन 'आहे' म्हणतच नाही. 'ओन व्राच', तो डॉक्टर. दोन्ही शब्द प्रथमेत. पण 'होता', 'असेल', 'व्हायचं आहे' आलं की व्यवसाय तृतीयेत जातो. 'ओन बिल व्राचोम', तो डॉक्टर होता. 'या खोचू स्तात व्राचोम', मला डॉक्टर व्हायचंय. यामागचा विचार समजला की पाठांतर कमी होतं. डॉक्टरपण हे इथे माणसाने धारण केलेलं काम म्हणून पाहिलेलं आहे. काही काळ होतं, पुढे असेल, नंतर कदाचित नसेल. मराठीतलं 'म्हणून' याच्या सर्वांत जवळचं आहे: शिक्षक म्हणून राहिला, मेकॅनिक म्हणून लागला.

'काम करणं' या क्रियापदाबरोबर मात्र वर्तमानातही तृतीयाच. 'ओना राबोतायेत मेद्सेस्त्रोय', ती नर्स म्हणून काम करते. मराठीतला 'म्हणून' डोक्यात असल्यामुळे काही जण इथे 'काक' (जसा, जशी) टाकतात. तसं केलं की ती नर्स नाही, पण नर्ससारखं काम करते असा अर्थ निघू लागतो. त्यामुळे रशियात कोणाचा व्यवसाय विचारायचा तर 'केम वी राबोतायेते?' असं विचारतात. 'काय करता' असं शब्दशः विचारलं तर समोरचा या क्षणी काय करतोय ते सांगेल.

'होणं' (स्तात), 'वाटणं, भासणं' (काजात्सा), 'राहणं' (ओस्तावात्सा), 'निघणं' (ओकाजात्सा), 'मानणं' (श्चितात) ही त्याच कुटुंबातली क्रियापदं आहेत. 'मी त्यांना चांगला डॉक्टर मानतो': 'या श्चितायु येगो खोरोशिम व्राचोम'.

आणि एक सापळा खास विद्यार्थ्यांसाठी. 'मी डॉक्टरकीचं शिक्षण घेतोय' याला 'उचूस ना व्राचा' म्हणतात. तिथे तृतीया नाही, 'ना' लावून द्वितीया आहे. 'व्हायचंय' म्हटलं तर व्राचोम आणि 'शिकतोय' म्हटलं तर ना व्राचा. पहिल्या सत्रात ही दोन वाक्यं रोज लागतात, म्हणून जोडीनेच पाठ करा.

पायरी चौथी: तृतीया मागून घेणारी क्रियापदं

इथे मराठीचा आधार सुटतो. ही क्रियापदं कर्म द्वितीयेत घेत नाहीत, तृतीयेत घेतात, आणि मराठीत त्या जागी 'शी', 'त', 'चा' किंवा साधं कर्म असतं.

त्यातला समजायला सोपा गट हालचालीचा आहे. डॉक्टर म्हणतात, 'बोटं हलवा'. मराठीत बोटं हे सरळ कर्म. रशियनमध्ये 'पोशेवेलीते पाल्त्सामी', बोटांनी हलवा. बोटं हे साधन आणि हालचाल तुमची. हात हलवून निरोप देणं (माखात रुकोय) आणि मान डोलावणं (किवात गोलोवोय) यांचंही तसंच. पण 'हात वर करा' याला 'पोद्निमीते रूकु', म्हणजे द्वितीया. एकाच तपासणीत ही दोन वाक्यं लागोपाठ येतात. हात उचलून एका जागेवरून दुसऱ्या जागी नेला जातो, तर बोटं जागच्या जागी चालवली जातात. रशियन माणसाला हा फरक वेगळ्या विभक्तीत ऐकू येतो.

दुसरा गट हाताळण्याचा आणि ताब्यात ठेवण्याचा. वापरणं (पोल्जोवात्सा), चालवणं (उप्राव्ल्यात), नेतृत्व करणं (रुकोवोदीत), एखादी गोष्ट अवगत असणं (व्लादेत). 'रशियन भाषा येते' हे औपचारिकपणे 'व्लादेयु रूस्किम यजिकोम' असं सांगतात. रशियन रुग्णालयात प्रत्येक विभागाच्या प्रमुखाच्या दारावर 'जावेदुयुश्ची ओत्देलेनियेम' असं लिहिलेलं दिसेल. ओत्देलेनिये म्हणजे विभाग, आणि तो तृतीयेत आहे, कारण 'प्रमुख असणं' हे क्रियापद ती मागतं. दार उघडण्याआधी ती पाटी रोज एकदा वाचली तरी हा गट डोक्यात राहील.

तिसरा गट मन लावण्याचा: करणं, नाद असणं (जानिमात्सा), रस असणं (इंतेरेसोवात्सा), अभिमान असणं (गोर्दीत्सा). 'मला इतिहासात रस आहे' म्हणजे 'या इंतेरेसूयुस इस्तोरियेय'. इथे मराठीतून विचार करणारा 'त'मुळे सहाव्या विभक्तीकडे वळतो. 'मुलाचा अभिमान आहे' इथे 'चा'मुळे षष्ठीकडे वळतो. दोन्ही चूक. गोर्दीत्सा सीनोम, तृतीया.

या क्रियापदांच्या शेवटी 'सा' दिसतो. त्यावरून काही जण 'सा असेल तर तृतीया' असा नियम करतात. तो अर्धाच खरा आहे. 'सा' असेल तर नेहमीची द्वितीया बहुधा येत नाही, एवढंच त्यावरून कळतं. कारण घाबरणं (बोयात्सा) षष्ठी मागतं आणि शिकणं (उचीत्सा) चतुर्थी. म्हणून क्रियापद कधीही एकटं पाठ करू नका. रशियन शब्दकोशात क्रियापदापुढे 'केम-चेम' असं छापलेलं असतं. तोच प्रश्न वहीत क्रियापदाला चिकटवून लिहा: पोल्जोवात्सा चेम, गोर्दीत्सा केम-चेम. प्रश्नासकट पाठ झालेलं क्रियापद बोलताना विभक्ती आपोआप ओढून आणतं.

'आजारी असणं' याकडे स्वतंत्रपणे पाहावं लागतं, कारण सारख्याच मूळ रूपाची दोन क्रियापदं आहेत. 'या बोलेयु ग्रिप्पोम', मला फ्लू झालाय. आजारी माणूस प्रथमेत आणि आजार तृतीयेत. 'उ मेन्या बोलीत गोलोवा', माझं डोकं दुखतंय. इथे अवयव कर्ता आहे आणि प्रथमेत आहे. 'बोलीत'बरोबर डोकं तृतीयेत टाकणं ही नेहमीची चूक. ओळख अशी की 'बोलीत' माणसाला लागतच नाही, फक्त अवयवाला लागतं.

पायरी पाचवी: भूतकाळातला 'ने'

मराठी माणसाची खास चूक ही. 'विद्यार्थ्याने पत्र लिहिलं.' 'ने' ऐकू आला की हात तृतीयेकडे जातो आणि 'स्तुदेंतोम नापिसाल' असं वाक्य तयार होतं. ते रशियन नव्हे. 'स्तुदेंत नापिसाल पिस्मो' हेच बरोबर, कर्ता प्रथमेत. पण 'पिस्मो नापिसानो स्तुदेंतोम' हेही बरोबर आहे, आणि तिथे कर्ता तृतीयेत आहे.

हे ओळखायला क्रियापद कोणाशी जुळतंय ते पाहा. मराठीत भूतकाळात ते कर्माशी जुळतं: पत्र लिहिलं, चिठ्ठी लिहिली. रशियनच्या साध्या भूतकाळात ते कर्त्याशी जुळतं: मुलगा असेल तर नापिसाल, मुलगी असेल तर नापिसाला. क्रियापद ज्याच्याशी जुळतं तो प्रथमेतच राहणार. नापिसानो, नापिसाना अशी 'न'ची रूपं मात्र मराठीसारखीच कर्माशी जुळतात, आणि तिथेच कर्त्याला तृतीया मिळते. संस्कृतातल्या 'रामेण पुस्तकं पठितम्' या रचनेतून मराठीचा भूतकाळ आला आणि तीच आपली सवय झाली. रशियनने ती रचना लेखी, औपचारिक भाषेसाठी राखून ठेवली आहे.

एक प्रसंग सबंध पाहू

खोकल्याची तक्रार घेऊन आलेल्या बाईंची विचारपूस चालली आहे असं धरा. पहिला प्रश्न कामाचा: 'केम वी राबोतायेते?' उत्तर: 'पोवारोम', स्वयंपाकी म्हणून. 'आ रान्शे?' आणि आधी? 'बिला प्रोदाव्त्सोम', विक्रेती होते. मूळ शब्द 'प्रोदावेत्स', मधला 'ए' गळला, आघात शेवटी गेला, म्हणून त्सोम. बाई असूनही नाम पुल्लिंगी चाललं आहे, फक्त 'बिला' स्त्रीलिंगी आहे.

'चेम वी बोलेली व देत्स्त्वे?' लहानपणी कोणते आजार झाले? 'कोर्यु इ वेत्र्यांकोय', गोवर आणि कांजिण्या. पहिल्याला 'यु', कारण 'कोर' हे मृदुचिन्हाचं स्त्रीलिंगी. दुसऱ्याला 'ओय'. 'चेम वास लेचिली?' कशाने उपचार केले? 'अंतिबिओतिकामी'. औषध हे साधन आहे. पण आता कोणती औषधं घेता हे विचारताना 'काकिये लेकार्स्त्वा प्रिनिमायेते?' म्हणतात, आणि तिथे औषध द्वितीयेत आहे, कारण 'घेणं' तृतीया मागत नाही.

'काशेल स मोक्रोतोय?' कफ पडतो का? पडतो, 'नो बेज क्रोवी', पण रक्त नाही. 'बेज' (शिवाय) षष्ठी घेतं, त्यामुळे इथे 'क्रोव्यु' नाही. 'स केम वी झिव्योते?' घरी कोण असतं? 'स मूझेम इ द्वुम्या देत्मी', नवरा आणि दोन मुलं. संख्याही तृतीयेत गेली.

मग नोंद लिहायची. 'बोल्नाया स्त्रादायेत ब्रोंखियाल्नोय आस्त्मोय स 2015 गोदा', रुग्णाला 2015 पासून दमा आहे. 'आस्त्मोय' तृतीयेत आहे, क्रियापदाने मागितली म्हणून. त्यानंतरचा 'स' मात्र सोबतीचा नाही, 'पासून' या अर्थाचा आहे, आणि तो षष्ठी घेतो. एकाच ओळीत तृतीया आणि 'स' दोन्ही आहेत, पण एकमेकांशी त्यांचा संबंध नाही. घाईत लिहिणारा हमखास 'स गोदोम' करून बसतो.

शेवटची ओळ: 'बोल्नाया ओस्मोत्रेना तेरापेव्तोम'. 'ओस्मोत्रेना' हे स्त्रीलिंगी आहे, म्हणजे डॉक्टरशी नव्हे तर रुग्णाशी जुळलं आहे. म्हणून डॉक्टर तृतीयेत. मराठीत हेच 'रुग्ण डॉक्टरांनी तपासली' असं लिहिता येईल, प्रत्ययाला प्रत्यय लावून, फक्त क्रियापद शेवटी नेऊन.